आम्ही डोंगरवाले की समुद्रवाले? पाच जुन्या ट्रिपांवरून एका फोंड्याच्या कुटुंबाने पुढची जागा कशी ठरवली

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीच्या घरचं आहे. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील काढलेत, बाकी घडलं तसंच ठेवलंय. ताई, भावजी, अकरा वर्षांचा भाचा आणि ताईच्या सासूबाई म्हणजे आई, अशी चार माणसं. राहतात गोव्यात फोंड्याजवळ. ताई नोकरी करते, भावजींचं दुकान आहे, त्यामुळे वर्षातनं एकदाच मोठी ट्रिप होते आणि ती कुठे करायची यावर दरवर्षी घरात तेच बोलणं होतं.

पार्श्वभूमी

चवथीला घर सोडून जायचा प्रश्नच नाही, मे महिन्यात दुकानाचा सीझन, म्हणजे उरते दिवाळीची सुट्टी. नरकासुर झाला, फोव खाऊन झाले, की दुसऱ्या तिसऱ्या दिवशी निघायचं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ताईने फोन केला की यंदा लडाख, काश्मीर नाहीतर मेघालय, तिन्हीपैकी एक सांग, आम्ही डोंगरवाली माणसं आहोत, समुद्र तर घरीच आहे.

मी सहज विचारलं की डोंगरवाली कशावरून. म्हणाली मुन्नार आठवतं ना, अजून बोलतो आम्ही त्याबद्दल. मी म्हटलं मनाली? तर गप्प झाली. मनालीहून आल्यावर याच ताईने मला सांगितलेलं की परत कुठे जायचं नाव काढायचं नाही, आणि मनाली पण डोंगरच की.

अडचण काय होती

पैसे किंवा सुट्टी ही त्यांची अडचण नव्हती. दोन डोंगरातल्या ट्रिपा, एक मनापासून आवडली आणि एक अजिबात नाही, आणि तरी निवड करताना घरात फक्त "डोंगर" हाच शब्द वापरला जात होता. म्हणजे जागा कुठल्या प्रकारची आहे यावर ते ठरवत होते आणि ट्रिप चांगली की वाईट हे भलत्याच कशावरून तरी ठरत होतं. ते नेमकं काय, हे शोधल्याशिवाय तिसरा डोंगर निवडण्यात अर्थ नव्हता.

कुठले रस्ते होते

सोपा रस्ता म्हणजे एखादी प्रश्नावली भरायची, तुम्ही साहसी की आरामप्रिय वगैरे. असली वर्गवारी जुनी आहे, १९७० च्या दशकात स्टॅन्ली प्लॉगने प्रवाशांची ओळखीचं शोधणारे आणि अनोळखी शोधणारे अशी मांडणी केलेली. पण माणूस स्वतःबद्दल उत्तर देताना आपल्याला कसं असायला आवडेल ते लिहितो. भावजींनी गंमत म्हणून एक भरली तर ते "साहसी" निघाले, आणि रोहतांगच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त वैतागलेले तेच होते.

दुसरा रस्ता, टूरवाल्याला विचारायचं. तो आपल्याकडे जे पॅकेज आहे तेच सांगणार, त्यात त्याची चूक नाही.

तिसरा म्हणजे सगळ्यांनी बसून जुन्या ट्रिपांना दहापैकी मार्क द्यायचे. हे आम्ही एका रविवारी करून पाहिलं आणि ते फसलं. ताईने राजस्थानला नऊ दिले. जैसलमेरच्या वाळूतली ती शेवटची रात्र, चांदणं, मांगणियार लोकगायकांची गाणी, सगळं तिला आठवत होतं. पण त्या आठ दिवसांत जयपूर, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर मिळून नऊशेच्या वर किलोमीटर गाडीत बसणं झालेलं, चार वेळा बॅगा बांधलेल्या, ते त्या नऊमध्ये कुठेच दिसत नव्हतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी दाखवून दिलंय की आपण एखाद्या अनुभवाला मनात मार्क देतो ते त्यातल्या सगळ्यात तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून, मधला लांबलचक वेळ जवळजवळ मोजलाच जात नाही. राजस्थानच्या नऊचं कारण हेच.

म्हणून ट्रिप हे माप टाकून दिलं आणि अर्धा दिवस हे माप घेतलं. जेवायच्या आधीचा अर्धा, नंतरचा अर्धा.

पहिला निर्णय: कुठल्या ट्रिपा मोजायच्या

ताईने यादी दिली ती चारची. मुन्नार-थेक्कडी-अलेप्पी २०१६, हंपी २०१९ च्या जानेवारीत, राजस्थान त्याच वर्षीच्या डिसेंबरात, शिमला-मनाली २०२२ मध्ये. मी म्हटलं काशी? २०२३ ला सासू-सासऱ्यांना घेऊन गेलेले, पाच दिवस, मला नक्की माहीत होतं कारण गंगाजल आमच्याकडेही आलेलं. ताई म्हणाली ती ट्रिप कुठे, ते तर यात्रेला नेलेलं.

यावर आम्ही बराच वेळ बोललो. तिचं म्हणणं की ती जागा त्यांनी निवडली नव्हती, कर्तव्य म्हणून गेलेले, तर आवडीनिवडीत ती कशाला धरायची. मला उलट वाटत होतं. जी जागा आपण स्वतः निवडली नाही तिथे आपल्या आधीच्या समजुती आड येत नाहीत, त्यामुळे अशाच ट्रिपेत आपल्याला खरं काय आवडतं ते उघडं पडतं. लग्नासाठी गेलेलं गाव, ऑफिसच्या कामाला गेलेलं शहर, हे सगळं यात धरावं असं माझं मत आहे. शेवटी काशी यादीत आली आणि पुढे सगळं उलटंपालटं झालं ते तिच्यामुळेच.

प्रत्यक्ष काय केलं

पाच ट्रिपांचे मिळून २९ दिवस, म्हणजे ५८ अर्धे दिवस. एका वहीत उभ्या ओळी आखल्या: तारीख, कुठे, गाडीत किती तास, त्याच मुक्कामात कितवी रात्र, बाहेर पडलो ते पायी की गाडीने, आणि शेवटी खूण. अधिक, शून्य, उणे.

आठवणीवर भरवसा नको म्हणून मोबाईलची गॅलरी तारखेप्रमाणे उघडली. फोटोवर वेळ असते, त्यावरून सकाळी कधी निघालो, दुपारी कुठे होतो हे बऱ्यापैकी जुळवता येतं. बँकेचे मेसेज आणि हॉटेलची बिलं यातनं उरलेलं. एक गोष्ट आधीच सांगते, फोटोंची संख्या आनंदाचं माप म्हणून धरू नका. मनालीजवळच्या सोलांगच्या एका दुपारचे दीडशेच्या वर फोटो होते आणि त्या दुपारबद्दल दोघांनाही एक वाक्य सांगता येईना. उलट काशीतल्या एका संध्याकाळचा एकच फोटो, तोही तिरका, आणि ताई त्यावर वीस मिनिटं बोलली.

जिथे काहीच आठवेना तिथे शून्य न लिहिता प्रश्नचिन्ह लिहिलं. शून्य म्हणजे आठवतं पण ठीकठाक होतं, प्रश्नचिन्ह म्हणजे पुसलंच गेलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशी ११ प्रश्नचिन्हं आली, त्यातली तीन सोडून बाकी सगळी राजस्थान आणि मनालीची.

सुरवातीला दोघं एकत्र बसून खुणा करत होते. मी पाहिलं की भावजी आधी बोलतात आणि ताई "हो हो, बरोबर" म्हणून तेच लिहिते. म्हणून वही थांबवली, दोघांना वेगवेगळे कागद दिले, एकमेकांचं बघायचं नाही. भाच्याला त्याच्या आठवणीतल्या तीन ट्रिपांचा वेगळा कागद, त्याने खुणांऐवजी चित्रं काढली, चालतंय. आईंना मी स्वतः विचारून लिहून घेतलं, त्या फक्त काशीला होत्या.

मनालीत चौथ्या दिवशी भाच्याला ताप आलेला. भावजी म्हणाले मग ती ट्रिप बादच कर, तापामुळे वाईट गेली. आम्ही तापाचे दिवस वेगळे काढून फक्त आधीचे तीन बघितले. तेही उणे आणि प्रश्नचिन्हच. शिमला ते मनाली साधारण अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता, सकाळी निघून रात्री पोचलेले, दुसऱ्या दिवशी पहाटे परत गाडीत. म्हणजे ताप नसता आला तरी ती ट्रिप तशीच गेली असती. हे तपासलं नसतं तर खरं कारण तापाखाली झाकलं गेलं असतं.

काय दिसलं

ताईचे सगळ्यात चांगले दहा अर्धे दिवस बाजूला काढले. चार काशीचे, तीन हंपीचे, दोन मुन्नारचे, एक जैसलमेरचा. काशी वरती बघून ती स्वतःच बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग ओळीने बघत गेलो तर दहापैकी आठ वेळा ती राहत्या जागेतनं पायी बाहेर पडलेली. काशीत लॉज घाटाच्या मागच्या गल्लीत, चार रात्री एकाच ठिकाणी, पहाटे शाल गुंडाळून घाटावर, येताना कचोरी, थंडीत मिळतं ते दुधाच्या फेसाचं मलइयो, दुपारी सगळ्यांनी झोपायचं, संध्याकाळी परत घाट. मुन्नारमध्ये चहाच्या मळ्यातल्या बंगल्यात तीन रात्री, सकाळी मळ्यातनं चालत जायचं, पानं खुडणाऱ्या बायकांशी मोडक्या भाषेत बोलायचं.

आता त्याच केरळच्या ट्रिपेत पुढे थेक्कडीला एक रात्र आणि अलेप्पीच्या हाऊसबोटीत एक रात्र होती, त्या सगळ्या खुणा शून्य. एकाच ट्रिपेत, त्याच माणसांसोबत, त्याच आठवड्यात, तीन रात्री एका जागी असताना अधिक आणि रोज जागा बदलायला लागल्यावर शून्य. मला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा हा, कारण यात बाकी काही बदललेलं नव्हतं.

वाईट दहा काढले तर सात बॅगा बांधायच्या दिवसाचे. उंची, थंडी, गर्दी यांचा तितका संबंध दिसला नाही. काशीत गर्दी काय कमी असते?

आणखी एक धागा होता जो ताईला आधी दिसला नाही, मीच दाखवला. मुन्नारचा चहाचा कारखाना, काशीत मागावर बनारसी विणणारा म्हातारा, जैसलमेरला ती रात्र सोडून दुपारी भांड्यांवर नक्षी करणाऱ्याकडे काढलेला तास. हाताने काम करणारी माणसं बघत बसणं. तिच्या कागदावर ते चार वेळा आलेलं आणि चारही वेळा अधिक. कुठल्याच ट्रिपेत ते आधी ठरवलेलं नव्हतं, वाटेत घडलेलं.

भावजींचा कागद वेगळाच निघाला. त्यांच्यात गाडीचे तास असलेले तीन अर्धे दिवस अधिक होते. हंपीला ते स्वतः गाडी चालवत गेलेले, अनमोड घाटातनं, पुढे हुबळी, गदग, होस्पेट. स्टिअरिंग हातात असलं की त्यांना तास जड होत नाहीत, ड्रायव्हरच्या बाजूला बसून तेच तास त्यांना खायला उठतात. ताईला दोन्हीकडे सारखाच कंटाळा. दुसरं म्हणजे त्यांना कोणीतरी नीट सांगणारा हवा असतो. हंपीत विठ्ठल मंदिरात चांगला गाईड मिळालेला तो अर्धा दिवस त्यांचा एक नंबर, आणि जयपूरचा किल्ला गाईडशिवाय पाहिला तो शून्य.

भाच्याच्या चित्रांत गंगेतली होडी, शिमल्याची छोटी आगगाडी, जोधपूरच्या किल्ल्यावरच्या तोफा. मुलाला काहीतरी चालवायला, चढायला, तरंगायला हवं.

दुसरा निर्णय: आठवण खरी की वही

इथे ताईने चांगला प्रश्न विचारला. वहीप्रमाणे राजस्थान साधारण, पण तिला मनातनं परत जावंसं वाटतं ते राजस्थानलाच. मग कोणाचं ऐकायचं?

यावर एक अभ्यास आहे, २००३ मधला, डेरिक वर्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कॉलेजच्या मुलांकडून सुट्टी चालू असताना त्यांना त्या क्षणी कसं वाटतंय ते नोंदवून घेतलं आणि नंतर सुट्टी कशी गेली ते विचारलं. परत अशी सुट्टी घ्यायची इच्छा ही नंतरच्या आठवणीशी जुळली, त्या त्या क्षणीच्या नोंदींशी तितकी नाही. म्हणजे आठवण चुकीची असली तरी पुढची निवड तीच करते. अभ्यास लहान होता, मोजक्याच मुलांवरचा, पण ताईच्या राजस्थानचं त्यात मला हुबेहूब उत्तर दिसलं.

मी तिला सुचवलं ते असं की दोन्ही वापर पण वेगवेगळ्या कामाला. कुठल्या प्रकारचा एक मोठा क्षण ट्रिपेत हवाच हे आठवणीला विचार, आणि रोजचा दिवस कसा लावायचा हे वहीला. आठवण तिला वाळू, रात्र, गाणं असं काहीतरी एकदा तरी हवं म्हणून सांगत होती. वही सांगत होती की त्यासाठी चार शहरं फिरायची गरज नाही.

तिसरा निर्णय: आधी छोटी परीक्षा

पाच ट्रिपांवरून काढलेलं अनुमान चुकूही शकतं. मधल्या काळात भाचा तीन वर्षांचा होता तो अकराचा झालाय, सासरे आता नाहीत, आई सत्तरीच्या आहेत. म्हणून मोठे पैसे घालायच्या आधी सप्टेंबरात, चवथ आटोपल्यावर, दोन रात्री सावंतवाडीला जाऊन आले. आंबोलीला जाताना शंभर वेळा सावंतवाडीवरनं गेलेले पण राहिले कधीच नव्हते. मोती तलावाजवळ खोली, गाडी लॉजवर लावून ठेवायची आणि चावी माझ्याकडे दिल्यासारखी विसरायची. चितार आळीत लाकडी खेळणी, राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवणारे कारागीर.

ताई खूष, आई पण. भावजींना पहिला दिवस बरा, त्यांनी राजवाड्यात प्रश्न विचारून विचारून तिथल्या माणसाला बसवूनच ठेवला. भाचा दुसऱ्या दुपारी कंटाळला तो कंटाळलाच, मोबाईल मागत बसला. म्हणून निकषात एक भर पडली: तिसऱ्या अर्ध्या दिवसापर्यंत मुलासाठी पाणी किंवा चढण आलीच पाहिजे.

यादी कशी गाळली

निकष आता चारच उरले. एका मुक्कामात सलग किमान तीन रात्री. दारातनं पायी दहा मिनिटांत घाट, बाजार किंवा जुनं गाव, आणि ते आईंना जमेल असं. ड्रायव्हरच्या गाडीत दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नाही, पोचायचा आणि परतायचा दिवस सोडून. हातकाम बघायची सोय आणि मुलासाठी होडी नाहीतर किल्ला.

सगळ्यांनी मिळून सात नावं टाकली. प्रत्येक जागेसाठी मी ताईला एकच काम दिलं, तीन दिवसांचा कच्चा आराखडा काढायचा आणि नकाशावर गाडीचे तास बेरीज करायचे. जाहिरातीतले फोटो अजिबात बघायचे नाहीत. तास लिहायला घेतले की बऱ्याच जागा आपोआप गळतात.

लडाख पहिलं गेलं. लेह साडेतीन हजार मीटरवर, पोचल्यावर दोन दिवस अंग जुळवायला लागतं, सत्तरीच्या आईंना तिथे नेणं ताईला बरोबर वाटेना, आणि नोव्हेंबरात थंडीने बरंच बंद होत आलेलं असतं. मेघालयचा आराखडा काढला तर गुवाहाटी-शिलाँग शंभर किलोमीटर, शिलाँगहून सोहरा म्हणजे चेरापुंजी एकीकडे, डावकी दुसरीकडे, रोज तीन चार तास गाडी. सोहऱ्यातच राहिलं तर हे बदलेल, पण मग पायी दहा मिनिटांत बाजार हा निकष अडला.

तंजावर ताईला फार हवं होतं. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ सालचा भोसल्यांचा मराठी शिलालेख, सरस्वती महाल ग्रंथालय, तंजावरी चित्रं आणि बाहुल्या करणारे कारागीर, भावजींना पण हे पुरेसं. निकषात बसत होतं. पण तिकडे ईशान्य मान्सूनचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. जागा बरोबर आणि महिना चुकीचा. असं दिसलं की जागा खोडायची नाही, दुसऱ्या कागदावर महिन्यासकट लिहून ठेवायची. तंजावर जानेवारी-फेब्रुवारी. भुजचं पण तेच झालं, भुजोडीचे विणकर, अजरखपूरचे छापाईवाले सगळं जवळ जवळ, पण दिवाळीच्या सुमाराला पांढरं रण बऱ्याचदा अजून ओलं असतं आणि ताईचा तो "एक मोठा क्षण" म्हणजे तेच. भुज जानेवारी.

शेवटी समोर राहिले श्रीनगर आणि महेश्वर. श्रीनगर निकषात पूर्ण बसत होतं, दाल, जुनं शहर, पेपरमॅशीवाले, त्या दिवसांत चिनार लाल होतात. आईंना थंडी आणि दिवाळीतलं विमानाचं भाडं या दोन गोष्टींवर ते मागे पडलं.

महेश्वर कोणाच्याच पहिल्या यादीत नव्हतं. ते आईंनी सुचवलं, अहिल्याबाईंचा घाट बघायचाय म्हणून. नर्मदेचा घाट, किल्ल्याच्या आवारात माहेश्वरी साड्या विणणाऱ्या रेहवा सोसायटीचे माग, नदीत बाणेश्वराचं छोटं देऊळ आणि तिथपर्यंत होडी, मांडू चाळीसेक किलोमीटरवर म्हणजे मुलाला किल्ला आणि भावजींना इतिहास. तास बेरजेला फक्त मांडूचा दिवस थोडा वर गेला. काशीशी ते किती मिळतंजुळतं आहे हे ताईला बुकिंग झाल्यावर लक्षात आलं.

काय झालं

मोपावरून मुंबई, मुंबईहून इंदूर, तिथून गाडीने दोन अडीच तास. घाटाला लागून खोली, चार रात्री, मग एक रात्र इंदूर. यावेळी प्रत्येकाने रोज झोपायच्या आधी खूण करायची ठरलेली, आठवणीवर ठेवायचं नाही.

बारा अर्ध्या दिवसांपैकी ताईचे आठ अधिक, दोन शून्य, दोन उणे. मागावरच्या बाईंनी तिला साडीच्या काठाचं डिझाईन किल्ल्यावरच्या नक्षीतनं कसं येतं ते घाटावर नेऊन दगडावर बोट ठेवून दाखवलं, ती अजून तेच सांगते. भाच्याने चार दिवसांत होडीवाल्याशी दोस्ती केली. मांडूत जहाज महालाला गाईड चांगला मिळाला, भावजींची दुहेरी अधिक.

दोन उणे कुठले, तर उज्जैनचा दिवस. आराखड्यात तो नव्हता. तिथे पोचल्यावर "इतक्या लांब आलोय तर महाकाल सोडून कसं जायचं" असं झालं, आईंची इच्छा होती आणि ती रास्तच. महेश्वरहून उज्जैन जवळजवळ दीडशे किलोमीटर, पहाटे निघाले, सुट्टीची गर्दी, रात्री दहाला परत. ताई, भावजी, भाचा तिघांचेही उणे. आणि आईंच्या कागदावर सगळ्या ट्रिपेतली एकमेव दुहेरी अधिक याच दिवसाची.

काय वेगळं करता आलं असतं

उज्जैनला जाणं ही चूक नव्हती, ते महेश्वरहून जाऊन-येऊन करणं ही होती. उज्जैन इंदूरपासून पंचावन्न किलोमीटर. महेश्वरला चारऐवजी तीन रात्री ठेवून शेवटची रात्र इंदूरऐवजी उज्जैनला आणि त्याच्या आदल्या दिवशी इंदूर, असं लावलं असतं तर तोच दर्शनाचा दिवस पायी चालत झाला असता आणि इंदूरच्या सराफ्यातलं रात्रीचं खाणंही चुकलं नसतं. एक बॅग जास्त बांधायला लागली असती, तेवढी किंमत ठीक होती.

माझ्याकडून झालेली चूक अशी की आईंचा कागद मी फक्त काशीपुरता घेतला आणि चार निकष लिहिताना त्यांच्यातलं "चालायला जमेल" एवढंच उचललं. काशीतले त्यांचे सगळे अधिक दर्शनाचे होते, ते माझ्यासमोर लिहिलेलं होतं. ते निकषात आलं असतं तर उज्जैन पहिल्यापासून आराखड्यात असतं. ज्याच्या नोंदी सगळ्यात कमी आहेत त्याच्याकडे वही वळवून जास्त विचारायला हवं होतं, मी ते केलं नाही.

आणि भावजींचं स्टिअरिंग. विमानाच्या ट्रिपेत ते कुठेच आलं नाही. इंदूरहून स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेता आली असती का, हे आम्ही विचारलंसुद्धा नाही.

वही आता फ्रिजवर आहे. तंजावर जानेवारीत, खाली आईंच्या अक्षरात कुंभकोणम लिहिलंय, आणि भावजींनी बाजूला गाडीने किती किलोमीटर ते मोजायला घेतलंय.